माफी, आतली आणि बाहेरची

रमजान संपला की मलेशियात मलय लोक एकमेकांना मेसेज करतात: ‘सलामत हारी राया, माफ झाहिर दान बातिन.’ म्हणजे ईदच्या शुभेच्छा, आणि बाहेरच्या-आतल्या चुकांची माफी असावी.

झाहिर म्हणजे आपलं ‘जाहीर’च: बोललेलं, केलेलं. बातिन म्हणजे मनातलं, समोरच्याला कधी न कळलेलं.

उत्तर येतं, ‘सामा-सामा’, मीही मागतो. कुणी म्हणतं, ‘कोसोंग-कोसोंग’: शून्य-शून्य, हिशेब मिटला.

पण मित्राचे पैसे बुडवले असतील तर? सगळ्यांना पाठवलेल्या मेसेजने ते शून्य होत नाहीत. इस्लाममध्ये माणसाचं देणं माणसालाच फेडावं लागतं.

मनातला हेवा मात्र उघड सांगितला तर नवी जखमच होईल. तिथे ‘बातिन’ एवढा एक शब्द पुरतो.