हुकूम नको, काळजी लिहा

नोकरीसाठी पुण्यात राहणाऱ्या मुलीला बाबा रात्री मेसेज करतात, ‘फोन का उचलत नाहीस? उद्यापासून नऊच्या आत रूमवर पोहोचायचं.’ यात जाब आहे, हुकूम आहे. काळजी मात्र कुठेच लिहिलेली नाही. म्हणून आधी ती लिहावी, मग साधी विनंती करावी आणि नकाराला जागा ठेवावी: ‘उशीर झाला की मला काळजी वाटते. पोहोचलीस की कळवशील? नाही जमलं तर सकाळी बोलू.’ मात्र हे शेवटचं वाक्य पाळायला हवं. तासाभरात चार मिस्ड कॉल गेले, तर गोड शब्दांतही तिला पहाराच दिसेल. उत्तर आलं, की पुढचा प्रश्न न विचारता ‘बरं वाटलं’ एवढंच लिहावं.