लाडवाचा एक नग

डाव्या हाताला वेष्टनातला प्रोटीन बार ठेवा, उजव्या हाताला घरच्या खजूर-सुकामेव्याचा लाडू. घाई नको. वढू बुद्रुकहून सणसवाडीला पाळीवर जाणाऱ्याच्या पिशवीत दोन्ही बसतात आणि खाल्लं की रोजच्या नोंदीत दोन्ही ‘एक नग’ म्हणूनच चढतात. त्या ‘एक’वर जरा थांबा.

आधी बार. मागचा तक्ता सावकाश वाचा. एक रकाना 100 ग्रॅमचा असतो. बार समजा 60 ग्रॅमचा. 100 ग्रॅममागे 400 कॅलरी असतील, तर तुमच्या पोटात 240 जातील. प्रथिनं 20 ग्रॅम. हा नग उद्याही असाच निघेल.

आता लाडवाकडे वळा. हा कुणाच्या हातचा? आईच्या मुठीत 30 ग्रॅमचा होतो, धाकट्या बहिणीच्या 20 चा. मग नोंद करायची कशी? घाणाच मोजा. बिया काढलेला खजूर 250 ग्रॅम, बदाम 75, शेंगदाणे 75 आणि दोन चमचे तूप. खजूर बिया काढल्यावरच तोला, नाहीतर बियांचंही वजन खाल्ल्यासारखं होतं. कॅलरी अंदाजे अशा: खजुराच्या 700, बदामाच्या 435, शेंगदाण्याच्या 425, तुपाच्या 90. सगळ्या मिळून 1650. प्रथिनं 41 ग्रॅम, आणि त्यातली निम्मी जवळजवळ साध्या शेंगदाण्यांची. हे मला फार मोलाचं वाटतं.

भाजताना, परतताना थोडी वाफ जाते. कढई आणि मिक्सरचं भांडं खरवडून घ्या आणि वळण्याआधी पूर्ण गोळा तोला. तो 400 ग्रॅम भरला, तर ग्रॅममागे चारहून थोड्या जास्त कॅलरी. 20 ग्रॅमचा लाडू 82 कॅलरींचा, 30 चा 124 चा. मोबाइलमधला ‘ड्रायफ्रूट लाडू, 1 नग’ कुठल्यातरी दुसऱ्याच स्वयंपाकघरातला असतो. त्याऐवजी हा घाणा आपल्या नावाने लिहून ठेवा आणि खाल्लेले ग्रॅम भरा.

आता दोघांना शेजारी आणा. बारच्या 240 कॅलरींच्या तोडीला छोटे तीन लाडू येतात, पण त्यांत प्रथिनं जेमतेम 6 ग्रॅम. बारइतकी 20 हवीत, तर दहा लाडू लागतील आणि कॅलरी आठशेच्या वर जातील. लाडू भूक भागवतो, अंगात ताकद राहते, पण त्याच्याकडून प्रथिनांची अपेक्षा ठेवणं त्याच्यावर अन्याय आहे. ती डब्यातल्या मटकीच्या उसळीतून, अंड्यांतून घ्यावीत.

आणि बार? वेष्टन पुन्हा हातात घ्या, घटकांची यादी वाचा. जो पदार्थ वजनाने सर्वांत जास्त, तो पहिला छापलेला असतो. तिथे साखर किंवा ग्लुकोज सिरप दिसलं, तर प्रथिनांचा आकडा पुन्हा एकदा नीट तपासा. काही बार 40 ग्रॅमचे असतात आणि त्यात प्रथिनं 10 ग्रॅमच भरतात. मग लाडवाशी केलेला हिशोब नव्याने मांडावा लागतो.