आधी रिकाम्या जागा आख

हे चिवड्याचं लेबल आहे की लग्नपत्रिका? पुढे सोनेरी वेलबुट्टी, मधोमध काजूंची रास, आणि कायद्याला हवा असलेला मजकूर मागच्या बाजूला कोपऱ्यात कोंबलेला. बस इथे. आणि तोंड पाडू नकोस.

घटकांची यादी वाच. पहिलं नाव काजू! तूच आणलेला घाण्याचा कागद बघ: दोन किलोच्या घाण्यात पोहे १२०० ग्रॅम, शेंगदाणा तेल ३००, शेंगदाणे २५०, डाळं १२०, साखर ४५, काजू ४०, बाकी मीठमसाला. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लागते, म्हणजे काजू साखरेच्याही खाली. वर चित्रात काजूच मिरवतोस, तेव्हा त्यांचं प्रमाणही छापावं लागेल: २ टक्के. चालेल मालकांना? नसेल तर रास उतरव. नुसतं 'तेल' चालत नाही, कशाचं ते लिही. शेंगदाणे आणि काजू ॲलर्जीच्या सूचनेतही वेगळे हवेत. ज्याला त्यांचा त्रास होतो, तो तुझी वेलबुट्टी बघत बसणार नाही.

वजन २०० ग्रॅम लिहिलंस, ते पाऊचसकट मोजून! निव्वळ वजन म्हणजे आतला चिवडा. ते पुढच्या बाजूला, ठळक.

आता बारकोड. उरलेल्या २० मिलिमीटरच्या फटीत दाबून बसवलास. पूर्ण आकाराच्या १३ अंकी बारकोडला दोन्ही बाजूंच्या मोकळ्या पट्ट्यांसह ३७.२९ मिलिमीटर रुंदी लागते. दुकानात चालायचा तर ८० टक्क्यांखाली जाता येत नाही, म्हणजे जवळजवळ ३० मिलिमीटर. ती मोकळी पट्टी वाया गेलेली जागा नव्हे. रेघा कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, हे यंत्राला तिच्यावरूनच कळतं. तू तिथे वेल चढवलीस. वर केशरी जमिनीवर लाल रेघा! स्कॅनरचा प्रकाश बहुतेक लालच असतो, त्याला लाल आणि केशरी दोन्ही पांढऱ्यासारखेच दिसतात. पांढऱ्यावर काळं छाप. आणि पाऊचच्या मागच्या उभ्या जोडावर तर मुळीच नको, तिथे घडी पडली की रेघा मोडतात.

बॅच क्रमांक मात्र तू संगणकावरच टाइप करून टाकलास. लेबलं हजारांनी छापून येतात, बॅच रोज बदलते. बॅच, बनवल्याची तारीख, मुदत आणि किंमत पाकिटं भरताना छापली जातात. त्यासाठी पांढरी चौकट सोड, आणि छापखान्याला बजाव की तिच्यावर चकाकीचं व्हार्निश फिरवू नका. गुळगुळीत थरावर शाई धरत नाही. अंगठा फिरवला की तारीख पुसली जाते.

उठ. कोऱ्या कागदावर आधी बारकोडची आणि बॅचची चौकट आख, मग मजकूर, उरलं तर वेलबुट्टी. खऱ्या मापात छापून पाऊचवर चिकटव, चिवडा भर आणि कोपऱ्यावरच्या दुकानात स्कॅन करून ये. 'टुक' वाजलं तरच मला दाखव.