अक्षरांखालची भिंत

विटांच्या जुन्या भिंतीवर पाच फूट उंच पांढऱ्या अक्षरांत जाहिरात रंगवली आहे आणि भिंतीच्या फोटोतून ती काढायची आहे. अशा वेळी हात आधी पुसायला धावतो. पण अक्षराखाली काय होतं हे ठरल्याशिवाय पुसून उपयोग नसतो, आणि ते बरंचसं गवंड्याने आधीच ठरवलेलं असतं.

नऊ इंची विटेचा एक थर दरजेसकट साधारण तीन इंच चढतो. म्हणजे त्या अक्षराखाली वीसेक थर आहेत. डावीकडे दिसणारी आडवी दरज उजवीकडच्या तिच्याच दरजेला जोडली की मधली रेषा मिळते. फोटो तिरका असेल तर या रेषा एका बाजूला जवळजवळ येत जातात. उभ्या दरजा प्रत्येक थराला सरकतात, कारण गवंडी सांध्यावर सांधा येऊ देत नाही. हा सांगाडा वेगळ्या लेयरवर आधी आखावा.

मग रंग किती जाड आहे ते पाहावं. पातळ रंगातून विटेचा खडबडीतपणा आणि दरजेची सावली दिसत राहते. तिथे काही नवं आणायची गरज नसते. कर्व्ह्जने पांढरेपणा उतरवायचा आणि त्यावर `Color` मोडमध्ये विटेचा रंग द्यायचा. पांढरेपणा न उतरवताच रंग दिला तर अक्षर गुलाबी होऊन तिथेच राहतं, कारण हा मोड उजेड बदलत नाही. रंग जाड असेल तिथे मात्र शेजारच्या विटा क्लोन कराव्या लागतात. तुकडा आडवा उलटवला तर दरजेतली सावली उन्हाच्या विरुद्ध पडते. एकच टवका उडालेली वीट दोनदा दिसली तर डोळा लगेच अडखळतो.

झीज यापेक्षा अवघड, कारण तिला जागा असते. पावसाचे काळे ओघळ माथ्यावरून उतरतात, तर मिठाचा पांढुरका थर बहुधा ओल चढते त्या पायथ्याशी धरतो. पायथ्याची वीट मधे आणून बसवली तर दरजा जुळूनही भिंत खोटी वाटते. शेवटी कर्व्ह्जचा एक तात्पुरता लेयर चढवून कॉन्ट्रास्ट खूप वाढवावा आणि फोटो लहान करून पाहावा. पुसलेलं अक्षर फिकट रूपात पुन्हा वर आलं, तर काम बाकी आहे.

पण हे सगळं नीट जमलं तरी तयार होते ती कधीच नसलेली भिंत. रंगाने झाकलेली वीट उघड्या विटेसारखी झिजत नाही. खरोखर रंग खरवडला असता, तर अक्षराचा ठसा बहुधा भिंतीवर राहिलाच असता. दरजा नियमाने परत आणता येतात, झीज मात्र आपण रचतो. घरात लावायच्या फोटोला हे चालेल. बातमीच्या किंवा वास्तूच्या नोंदीच्या फोटोत ती जाहिरातही पुरावाच असते, म्हणून तिथे ती पुसूच नये.