धान्य की धर्म? नोंदवहीला विचारायचा प्रश्न

आपल्या जिल्ह्याच्या इतिहासावर लिहिलेल्या लेखांतून एक विधान वारंवार वाचावयास मिळते. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील मिशनऱ्यांनी भुकेल्यांना धान्य वाटले. त्यानंतर बाप्तिस्म्यांची संख्या वाढली. म्हणून येथील महार व मांग कुटुंबे धान्यासाठी ख्रिस्ती झाली. हे विधान आपल्या आजोबा-पणजोबांविषयी आहे. त्यामुळे ते वाचताच काही जण संतापतात, तर काही जण खाली मान घालतात. या दोन्हींच्या आधी एक तिसरी गोष्ट करणे आवश्यक आहे. हा युक्तिवाद कशावर उभा आहे, हे पाहिले पाहिजे.

या विधानात चार वाक्ये आहेत. पहिली तीन घटना सांगतात आणि कागदपत्रांवरून ती तपासता येतात. चौथे वाक्य मात्र घटना सांगत नाही, ते माणसांच्या मनातील हेतू सांगते. ‘त्यानंतर’ या शब्दाच्या जागी ‘म्हणून’ हा शब्द आला, आणि सगळा भार त्या एका शब्दावर पडला. लेखकाने तळटीपा कितीही दिलेल्या असोत, त्या पहिल्या तीन वाक्यांना आहेत की चौथ्याला, हे वाचकाने आधी पाहावे.

आता मूळ साधनांकडे वळू. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत नाव, आईवडिलांची नावे, गाव, तारीख, धर्ममातापित्यांची आणि संस्कार देणाऱ्याची नावे असतात. हेतूचा रकाना तीत नसतो. इतकेच नव्हे, तर तारखेचा अर्थही वरवर दिसतो तितका सरळ नसतो. बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे निर्णयाची तारीख नव्हे. मध्ये शिकवणुकीचा काळ जातो आणि मिशनऱ्याची संमतीही लागते. याच दुष्काळात आंध्रातील ओंगोल येथे जॉन क्लॉ नावाच्या अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनऱ्याने बकिंगहॅम कालव्याच्या खोदकामाचा मक्ता घेऊन लोकांना काम दिले. मात्र लोक मदतीच्या आशेने येतील या भीतीने बाप्तिस्मे थांबवून ठेवले. मदतकार्य संपल्यावर, ३ जुलै १८७८ या एकाच दिवशी, तेथे २,२२२ जणांना बाप्तिस्मा देण्यात आला. नुसती नोंदवही पाहणाऱ्याला हा आकडा दुष्काळाने आणलेली लाट वाटेल. प्रत्यक्षात त्या तारखेमागे लोकांच्या निर्णयाइतकाच मिशनऱ्याचाही निर्णय होता. म्हणून आपल्याकडील एखाद्या वर्षाचा आकडा पुढे केला जातो, तेव्हा त्या वर्षी संस्कार देण्याचा नियम काय होता, हे लेखकाने शोधले आहे काय, असे विचारावे.

दुसरे साधन म्हणजे मिशनचे वार्षिक अहवाल. अहमदनगर येथे १८३१ साली काम सुरू करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचे अहवाल बोस्टनमधील मंडळासाठी आणि तेथील देणगीदारांसाठी लिहिले जात. अशा अहवालात श्रद्धेचे वर्णन ठळक असणार, हे उघड आहे. ते खोटेच असते असे नव्हे, पण लिहिणाऱ्याच्या हिताच्या दिशेने झुकलेले वाक्य एकटे पुरेसे होत नाही. उलट, जेथे मिशनरी स्वतःच्या गैरसोयीची गोष्ट लिहितो, नवागतांच्या हेतूविषयी शंका व्यक्त करतो किंवा दुष्काळ सरल्यावर किती जण परत गेले ते सांगतो, तेथे त्याच्या शब्दाला अधिक वजन असते. कधी कधी लेखक नेमके असे शंकेचे वाक्य उचलतो आणि त्याच अहवालातील पुढची वाक्ये सोडून देतो. ते कबुलीचे वाक्य खरेच असते. परंतु एका मिशनऱ्याला काहींविषयी आलेली शंका म्हणजे सर्वांविषयीचा पुरावा नव्हे.

तिसरी कसोटी तुलनेची. भूक हेच कारण असेल, तर जेथे जेथे भूक होती तेथे तोच परिणाम दिसावयास हवा. त्या दुष्काळात कुणबीही उपाशी होता, तरीही ख्रिस्ती झालेल्यांत बहुसंख्य महार आणि मांग होते. शिवाय सरकारी दुष्काळी कामांवर धर्म न बदलताही पोट भरता येत होते. दौंड-मनमाड रेल्वेमार्ग अशाच कामांतून उभा राहिला. तेव्हा केवळ भुकेने उत्तर पूर्ण होत नाही. जातीने वाट्यास आलेले जिणे हिशेबात धरावेच लागते. पण येथे आपणही घाई करू नये. कुणब्याला धर्म बदलून जमीन व भाऊबंदकी गमावण्याचे भय होते, म्हणून तो थांबला असेल. आणि वृद्ध व आजारी माणसांना खडी फोडण्याचे काम झेपण्याजोगे नव्हते. म्हणजे तुलनेने ‘धान्यासाठीच’ हा शब्द ढासळतो, पण धान्याचा काहीच संबंध नव्हता, असे मात्र सिद्ध होत नाही.

हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आपल्या बाजूचे लेखकही तीच उडी उलट दिशेने मारतात. दुष्काळानंतर पुष्कळ कुटुंबे श्रद्धेत टिकली, म्हणून ती निव्वळ श्रद्धेने आली होती, असे ते लिहितात. टिकणे ही घटना आहे, पण तिचा हेतूही नोंदवहीत नाही. टिकण्यामागे मुलांची शाळा असेल, परतीचे दार जातीने बंद केले असेल, किंवा आधी नसलेली श्रद्धा पुढे रुजली असेल. जो निकष आपण दुसऱ्याच्या युक्तिवादाला लावतो, तोच आपल्याही युक्तिवादाला लावणे हा प्रामाणिकपणाचा भाग आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांच्या अंतःकरणातील उलघाल आपल्याला ठाऊक आहे, कारण ते स्वतः लिहिणारे होते आणि लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. त्याच काळात खेड्यातल्या एखाद्या महार कुटुंबाने तोच निर्णय घेतला, तर त्याच्याविषयी दुसऱ्याच्या हातची एक ओळ उरते. मग एकाच्या बाबतीत आत्म्याचा शोध आणि दुसऱ्याच्या बाबतीत पोटाचा शोध, असे लिहिले जाते. हा फरक त्या दोन माणसांत होता, की त्यांच्यामागे राहिलेल्या कागदांत? ज्याने लिहून ठेवले नाही त्याला विचारच नव्हता, असे गृहीत धरणे ही या विषयावरील लेखनातील सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी ओळखली जाणारी चूक आहे.

शेवटी मूळ प्रश्नाकडे पाहू. धान्य की धर्म, ही निवड त्या नोंदवहीने आपल्यापुढे ठेवलेली नाही, ती लेखकाने ठेवली आहे. ज्याला पाणवठ्यावर येऊ दिले जात नव्हते, त्याच्या हाती कोणी अंतर न राखता भाकर दिली, तर त्याला त्या भाकरीत फक्त भाकर दिसली असेल काय? आम्हांला तसे वाटत नाही. परंतु हेही आमचे अर्थविवरण आहे, पुरावा नव्हे. ते पटावे असे वाटत असेल, तर त्या लोकांचे स्वतःचे शब्द शोधावे लागतील: ‘ज्ञानोदया’च्या जुन्या अंकांत, ख्रिस्ती कीर्तनांत, घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या आठवणींत. आणि त्या आठवणींनाही विचारावे लागेल की, त्या कोणी, कोणाला आणि किती वर्षांनी सांगितल्या. तोवर चांगल्या लेखकाने ‘त्यानंतर’ एवढेच लिहावे. ‘म्हणून’ हा शब्द त्याने वापरलाच, तर त्यासाठी त्याच्याकडे वेगळा पुरावा मागण्याचा आपल्याला अधिकार आहे.