शर्ट कर्ता असतो तेव्हा

‘दास हेम्ट गेफेल्ट मीअर’ हे जर्मन वाक्य ‘हा शर्ट मला आवडतो’ याच घडणीचं आहे. ‘हेम्ट’ म्हणजे शर्ट, ‘मीअर’ म्हणजे मला. दोन्ही भाषांत शर्ट कर्ता आहे आणि ज्याला तो आवडतो तो माणूस चतुर्थीत आहे. जर्मनमध्ये या विभक्तीला डाटिफ म्हणतात. तरीही शिकाऊ मराठी विद्यार्थी पुष्कळदा ‘इश’ म्हणजे ‘मी’ने सुरुवात करून ‘इश गेफाले’ म्हणतो. शाळेतल्या इंग्रजीत ज्याला आवडतं तो माणूस कर्ता असतो, त्या सवयीचा हा परिणाम. मराठीकडे वळलं, तर हे वाक्य मराठीतच तयार आहे.

मात्र मराठीच्या आधाराने किती पुढे जाता येतं आणि तो आधार कुठे सुटतो, हे नेमकं कळायला हवं. त्यासाठी एक छोटा संवाद घेऊ. जर्मनीतलं कपड्यांचं दुकान आहे. अ‍ॅना आणि योनास शर्ट घ्यायला आले आहेत.

दुकानदारीण: गूटन टाग. कान इश ईनन हेल्फन? (नमस्कार. तुम्हाला मदत करू का?)

अ‍ॅना: या, गेर्न. माइन ब्रूदर हाट गेबुर्ट्सटाग. वीअर झूखन आइन हेम्ट. (हो, करा ना. माझ्या भावाचा वाढदिवस आहे. आम्ही शर्ट शोधतोय.)

योनास: दास हेम्ट दा गेफेल्ट मीअर. गेफेल्ट एस दीअर? (तो तिथला शर्ट मला आवडतो. तुला आवडतो?)

अ‍ॅना: मीअर शोन, आबर ईम गेफालन नूर ब्लाउअ हेम्दन. (मला आवडतो, पण त्याला फक्त निळे शर्ट आवडतात.)

दुकानदारीण: हीअर, दास इस्ट ब्लाउ. (हा घ्या, हा निळा आहे.)

योनास: पास्ट एस ईम? (त्याला बसेल का?)

अ‍ॅना: या, एस पास्ट ईम. वीअर दांकन ईनन. (हो, बसतो त्याला. आभारी आहोत तुमचे.)

दुकानदारीण, योनासला: उंट दी टाशे हीअर? गेह्योर्ट झी ईनन? (आणि ही बॅग? तुमची आहे का?)

योनास: नाइन, झी गेह्योर्ट ईअर. (नाही, ती तिची आहे.)

यात डाटिफ मागणारी पाच क्रियापदं आली: हेल्फन, गेफालन, पासन, दांकन आणि गेह्योरन. पहिल्या तिघांना मराठीत ‘ला’ लागतो: तुम्हाला मदत, मला आवडतो, त्याला बसतो. उरलेल्या दोघांना षष्ठी लागते: तुमचे आभार, तिची बॅग. म्हणून ‘बॅग तिची आहे’ मनात धरून जर्मन वाक्य करू पाहणारा ‘चा-ची-चे’ शोधत बसतो आणि अडतो. तिथे ‘बॅग तिला मालकीची आहे’ अशी ओबडधोबड मांडणी करून पाहिली की ‘ईअर’ हे रूप सुचतं.

दुसरी अडचण यापेक्षा मोठी आहे. शाळेच्या व्याकरणात आपण विभक्तीचा तक्ता पाठ करतो, त्यात ‘ला’ हा प्रत्यय द्वितीयेलाही असतो आणि चतुर्थीलाही. ‘मी तिला पाहतो’ आणि ‘मी तिला मदत करतो’ यांत ‘तिला’ एकच. जर्मनमध्ये पहिल्या वाक्यात ‘झी’ येतं आणि दुसऱ्यात ‘ईअर’. दोन्ही ‘तिला’ वेगळे ओळखायची एक खूण मराठीत आहे. ‘मदत करणे’, ‘उत्तर देणे’ यांत करायची किंवा द्यायची वस्तू आधीच सांगितलेली असते, आणि ‘तिला’ म्हणजे ती जिच्यापर्यंत पोचते ती व्यक्ती. तिथे जर्मनमध्येही डाटिफ येतो. पण ही खूण शेवटपर्यंत चालत नाही. ‘तिला फोन करणे’ आणि ‘तिला प्रश्न विचारणे’ यांतही वस्तू आहे, तरी आनरूफन आणि फ्रागन ही जर्मन क्रियापदं द्वितीयाच घेतात. अशी क्रियापदं विभक्तीसह पाठ करावी लागतात, त्याला दुसरी वाट नाही.

आता या संवादावर विद्यार्थ्यांना विचारायच्या प्रश्नांकडे येऊ. ‘त्यांनी काय घेतलं?’ असा प्रश्न विचारला तर ‘हेम्ट’ आणि ‘ब्लाउ’ एवढे दोन शब्द ओळखणाराही ‘निळा शर्ट’ म्हणून मोकळा होतो. सर्वनामाकडे त्याने पाहिलेलंही नसतं. रूप कळल्याशिवाय उत्तर देताच येऊ नये, असा प्रश्न हवा.

पहिला प्रश्न: योनास ‘गेफेल्ट’ म्हणतो, मग अ‍ॅना ‘गेफालन’ का म्हणते? उत्तर असं की तिच्या वाक्यात कर्ता ‘हेम्दन’, म्हणजे शर्ट, अनेकवचनी आहे. ‘ईम’ एकट्या भावासाठी आहे, पण क्रियापद त्याच्याकडे पाहत नाही. मराठीतही तेच होतं: त्याला शर्ट आवडतो, त्याला शर्ट आवडतात. माणूस तोच, क्रियापद शर्टांप्रमाणे बदललं. याचं उत्तर ज्याला देता आलं, त्याला कर्ता सापडला.

दुसरा प्रश्न: ‘गेफेल्ट एस दीअर?’ यातलं ‘एस’ कोणासाठी, आणि ‘गेह्योर्ट झी ईनन?’ यातली ‘झी’ कोण? ‘हेम्ट’ नपुंसकलिंगी, म्हणून ‘एस’. ‘टाशे’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘झी’. बॅग मराठीतही स्त्रीलिंगीच, पण शर्ट आपल्याकडे पुल्लिंगी असल्यामुळे ‘एस’च्या जागी ‘एअर’ म्हणजे ‘तो’ येण्याची चूक होते. दुसऱ्या वाक्यातल्या ‘झी’चा अर्थ अ‍ॅना असा लावणाऱ्याला ‘ती तुमची आहे का?’ असं भलतंच वाक्य मिळतं.

तिसरा प्रश्न: ‘ईनन’ तीनदा आलंय, दर वेळी कोणाला उद्देशून? आधी अ‍ॅना आणि योनास दोघांना, मग दुकानदारणीला, शेवटी एकट्या योनासला. आदरार्थी ‘ईनन’ एकाला आणि अनेकांना सारखंच. लिहिताना त्याचं पहिलं अक्षर मोठं काढतात. तेच छोटं असेल तर अर्थ ‘त्यांना’ असा होतो.

‘आम्हाला’ आणि एकापेक्षा जास्त जणांसाठीचं घरगुती ‘तुम्हाला’, म्हणजे ‘उन्स’ आणि ‘ऑइश’, ही रूपं संवादातून मुद्दाम वगळली आहेत. द्वितीयेतही ती तशीच राहतात. त्यांच्यावर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं तरी मुलाला डाटिफ कळला की नाही हे समजत नाही. याउलट ‘मिश’ आणि ‘मीअर’, ‘ईन’ आणि ‘ईम’ या जोड्यांत चूक लपत नाही.

शेवटचा प्रश्न संवाद पुन्हा लिहायचा: वाढदिवस भावाऐवजी बहिणीचा आहे, तर काय बदलेल? ‘माइन ब्रूदर’चं ‘माइने श्वेस्टर’ होईल आणि तिन्ही ‘ईम’ची ‘ईअर’ होतील. ‘गेफालन’, ‘पास्ट’ यांना धक्का लागणार नाही, कारण कर्ता शर्टच आहे. अखेरच्या ओळीत ‘ईअर’ आधीपासूनच आहे, पण ती अ‍ॅना. आता एकाच संवादात एकाच रूपाच्या दोन बायका झाल्या, तेव्हा प्रत्येक ‘ईअर’खाली तिचं नाव लिहायला सांगावं. तीन ठिकाणी ‘बहीण’ आणि एका ठिकाणी ‘अ‍ॅना’ असं उत्तर आलं, तर मुलाने रूप आणि माणूस दोन्ही बरोबर ओळखले.