चुकलेलं वाक्य आणि मागे पडलेलं वाक्य

प्रायोजित व्हिडिओंविषयीची आपली चर्चा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते: पैसे घेतले हे प्रेक्षकांना सांगितलं होतं का? उत्तर 'हो' आलं की सगळ्यांचं समाधान होतं. जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली नियमावली आणल्यापासून तर सशुल्क प्रसिद्धीची पट्टी दिसली की प्रामाणिकपणाचं प्रमाणपत्र मिळाल्यासारखं बोललं जातं. पण व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यावर आठवड्याने प्रायोजकाचा फोन येतो, 'बाकी सगळं छान आहे, ते एक वाक्य तेवढं काढा', तेव्हा ही पट्टी निरुपयोगी ठरते. पैसे दिले-घेतले हे ती सांगते. नंतर काय कापलं, हे सांगत नाही.

जाहिरातदार आणि संपादक यांच्यातला ताण वर्तमानपत्रांइतकाच जुना आहे. फरक असा, की छापलेला अंक घराघरांतून परत गोळा करता येत नव्हता. यूट्यूबवर मात्र प्रसिद्ध झालेल्या व्हिडिओतला मधला तुकडा यूट्यूबच्याच संपादन-साधनाने कापता येतो. दुवा तोच राहतो, पाहणाऱ्यांचा आकडा आणि जुन्या प्रतिक्रियाही तशाच राहतात. काही कापलं गेलं, अशी खूण प्रेक्षकाला कुठेही दिसत नाही. शिवाय या साधनाने काढता येतं, पण नवं दृश्य किंवा नवं वाक्य घालता येत नाही. म्हणून 'वाक्य बदला' अशी विनंती प्रत्यक्षात बहुधा 'वाक्य काढा' अशीच असते.

समजा, शेतीविषयक मराठी चॅनेलवर १६ लिटरच्या बॅटरीच्या फवारणी पंपाचा प्रायोजित व्हिडिओ आहे. पाठीवर बसायला पंप चांगला, गळती नाही, सुटे भाग तालुक्याला मिळतात, असं निवेदक सांगतो. मग म्हणतो, 'कंपनी एका चार्जिंगवर २० टाक्या सांगते, आम्हाला बाराव्या टाकीनंतर दाब कमी झालेला दिसला. दोन एकर कापूस एका दिवसात उरकायचा असेल तर दुसरी बॅटरी जवळ ठेवा.' कंपनीला हेच वाक्य नको आहे.

'सात-आठ सेकंदांनी काय बिघडतं?' हा युक्तिवाद मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो समंजस वाटतो. तो मांडणारे म्हणतात, की स्तुती खरीच होती आणि तिला कुणी हात लावलेला नाही. खोटं काहीच घातलं नाही, मग फसवणूक कशी? पण व्हिडिओतली वाक्यं सुटी नसतात. 'दुसरी बॅटरी जवळ ठेवा' हे वाक्य आधीच्या सगळ्या स्तुतीची मर्यादा ठरवत होतं. ते असताना 'पंप चांगला' याचा अर्थ होता, एका एकराच्या आसपासच्या कामाला चांगला. ते गेलं की त्याच शब्दांचा अर्थ होतो, तुमच्या कामाला चांगला. एकरी दहा टाक्या धरल्या तर दोन एकरवाल्या शेतकऱ्याचा पंप दुपारी, अर्ध्या शेतात, मंदावणार. कापलेल्या सेकंदांनी उरलेल्या दहा मिनिटांना खोटं केलं. त्यातही हे शब्द निवेदकाच्या तोंडचे राहतात. प्रायोजकाने स्वतःच्या जाहिरातीत २० टाक्या सांगितल्या तर तो त्याचा दावा असतो. इथे, टाक्या मोजून पाहिलेल्या माणसाचं मौन त्या दाव्याच्या बाजूने उभं केलं जातं. आणि ते लपतही नाही. जुन्या प्रतिक्रियांमध्ये कुणीतरी '६:४० ला बॅटरीचं बोलले ते बरं केलं' असं लिहिलेलं असतं. ६:४० ला आता भलतंच दृश्य दिसतं, आणि त्यापुढच्या सगळ्या वेळखुणा तेवढ्याच सेकंदांनी सरकलेल्या असतात.

'प्रायोजक घेऊच नका' हा उपदेश ज्यांना चॅनेलचा खर्च भागवायचा नाही त्यांनी करावा. 'करारात लिहिलं नव्हतं' हे उत्तरही अपुरं आहे. करार फक्त मानधनाचा निकाल लावतो.

माझा भर एका भेदावर आहे. वाक्य चुकलेलं असू शकतं, किंवा मागे पडलेलं असू शकतं. चुकलेलं वाक्य बोललं त्या दिवशीही खरं नव्हतं. मागे पडलेलं वाक्य त्या दिवशी खरं होतं, पण वस्तू आता बदलली आहे. आपल्या उदाहरणात कंपनी दोन कारणं देऊ शकते. एक: 'नवी बॅटरी पहिल्यांदा आठ तास चार्ज करा असं माहितीपत्रकात आहे, तुम्ही तीनच तास केली.' नोंदी आणि मूळ चित्रीकरण तपासल्यावर हे खरं निघालं, तर वाक्य चुकलेलं आहे. ते कापावं, आणि कापल्याचं वर्णनात व पहिल्या प्रतिक्रियेत कारणासह लिहावं. दोन: 'या महिन्यापासून आम्ही ८ ऐवजी १२ अँपिअर-अवरची बॅटरी देतो.' हे खरं असेल, तर निवेदकाचं वाक्य मागे पडलेलं आहे, आणि ते कापू नये. दुकानांत आणि शेतकऱ्यांच्या घरी ८ अँपिअर-अवरचे पंप अजून आहेत. त्यांच्यापुरतं ते आजही खरं आहे.

इथे कायद्याचा एक धागा प्रायोजकाच्या हाती लागतो, तो मान्य करायला हवा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात, की शिफारस करणाऱ्याचं मत खरंखुरं आणि बऱ्यापैकी ताजं असावं. मग जुनं मत काढणं हेच कर्तव्य नव्हे का? पण त्याच वाक्यात पुढे अट आहे, की मत वस्तूच्या पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेलं असावं. नव्या बॅटरीचा अनुभव निवेदकाला नाही. जुनी टीका काढून त्याने जुनीच स्तुती नव्या पंपाला लावली, तर ते मत ताजं होत नाही, निराधार होतं. दिशाभूल करणारी जाहिरात ठरली तर दंड शिफारस करणाऱ्यालाही होऊ शकतो: पहिल्यांदा १० लाखांपर्यंत, पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत.

म्हणून फोनवर होकार देऊ नये. कोणतं वाक्य, कितव्या मिनिटाला, त्यात नेमकं काय खोटं आणि पुरावा काय, हे लेखी मागावं. पुष्कळदा उत्तरात 'सूर नकारात्मक वाटतो' एवढंच येतं. मग वाक्य ना चुकलेलं असतं ना मागे पडलेलं, आणि विषय तिथेच संपतो. प्रसिद्धीपूर्वी खासगी दुव्यावरचा मसुदा त्यांनी लेखी मंजूर केला असेल, तर त्याची प्रत उत्तराला जोडावी. बदल झाल्याचा दावा आला, तर नवा पंप कंपनीकडून न मागवता दुकानातून विकत घ्यावा, कारण पाठवलेला नमुना निवडून पाठवलेला असू शकतो. नोझल तेच, चार्जिंग माहितीपत्रकाप्रमाणे, आणि टाक्या पुन्हा मोजाव्यात. निकाल वर्णनात तारखेसह जोडावा: 'अमुक महिन्यानंतरच्या पंपांत मोठी बॅटरी आहे, आमच्या मोजणीत इतक्या टाक्या झाल्या, व्हिडिओतलं विधान आधीच्या पंपाबद्दल आहे.' हीच ओळ सर्वांत वर चिकटवलेल्या प्रतिक्रियेतही असावी, कारण वर्णन उघडून वाचणारे थोडे.

प्रायोजकाने उरलेलं मानधन अडवलं तर? निम्मी रक्कम आगाऊ आणि निम्मी प्रसिद्धीनंतर महिना-दीड महिन्याने, अशी पद्धत असते तिथे हा दबाव खरा असतो, आणि छोट्या चॅनेलला तो सोसवेलच असं मी म्हणणार नाही. अगदीच निभावलं नाही तर पूर्ण व्हिडिओ उतरवावा. त्यात प्रेक्षकाला माहिती मिळत नाही, हे नुकसान आहेच. पण अर्धी माहिती पुरी समजून तो दुकानात जात नाही. पुढच्या करारात मात्र दोन ओळी आधीच घालून घ्याव्यात: प्रसिद्धीनंतर बदल फक्त सिद्ध झालेल्या चुकीचा होईल आणि तो प्रेक्षकांना सांगितला जाईल, आणि उरलेलं मानधन कोणत्याही वाक्याच्या राहण्या-जाण्यावर अवलंबून असणार नाही.